गुणांचा तक्ता आणि आमचे निबंध

“मॅडम, निबंधाचं ॲप शाळेने रिन्यू केलं नाही तर त्यावरचे आमचे निबंध जाणार?” वर्गातल्या मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिने शाळेच्या ऑफिसात जाऊन विचारलंच. मॅडम म्हणजे तिची आईच, शाळेची प्रशासक.

“तिसरं पत्र धाडलंय त्या ॲपवाल्यांना!” आई करवादली. “शाळा सोडलेली मुलं पाचशे खात्यांच्या मर्यादेत धरता का, ॲप बंद केलं तर डेटा परत देताना निबंध देता का? उत्तर काय, तर ‘रिन्यूअलबद्दल आभार’!”

संध्याकाळी घरी आईच्या मेलवर एकदाचं खरं उत्तर आलं. सोडलेली मुलंही मोजतात. शाळेला परत मिळणार फक्त गुणांचा तक्ता. निबंध ज्याने त्याने आपल्या खात्यातून मुदत संपायच्या आत, शुक्रवारपर्यंत डाउनलोड करायचे.

“घ्या! एवढ्या मुलांचं शुक्रवारपर्यंत कुठलं होतंय? आता रिन्यू करण्यावाचून गत्यंतर नाही,” बाबा म्हणाले.

“मुळीच नाही,” ती म्हणाली. “आई, बाबा, उद्यापासून संगणक कक्षात मी बसणार. वर्गामागून वर्ग बोलावून सगळ्यांना निबंध डाउनलोड करायला लावणार.”