गेल्या वर्षीचा रकाना

तिला सगळे चिमटी म्हणत, कारण दोनशे पानांतून नेमका आकडा ती पायातल्या काट्यासारखा उपसून काढी. कंपन्यांचे शाश्वतता अहवाल, म्हणजे पर्यावरणाचे वार्षिक हिशेब, वाचायचे आणि तक्त्यात तीन गोष्टी भरायच्या: कारखाने किती, माणसं किती, ऊर्जा किती. सात वर्षं हेच काम. इतकी हिरवी छायाचित्रं पाहिली होती, की खरं झाड दिसलं तरी ती पान उलटायला जाई.

आज दादाच्या कंपनीचा अहवाल आला. दादा त्यांच्या जुन्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. नव्या कारखान्यात बदली हवी की नको, हे त्याला आज सांगायचं होतं.

चिमटीनं आकडे भरले. यंदा कारखाने सहा, माणसं पंधराशे तीस. तक्त्यातला चौकोन लाल झाला. गेल्या वर्षीच्या अहवालात कारखाने सात होते, माणसं अठराशे चाळीस. तिनं नव्या अहवालातला गेल्या वर्षीचा रकाना पाहिला. तिथेही सहाच. माणसं पंधराशे अठ्ठावीस.

गेल्या वर्षातूनच तीनशे बारा माणसं गेली होती. ऊर्जाही तेवढ्याच मापानं आटली होती.

"काय गं, बेरीज चुकली?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"नाही. मागचं वर्ष बदललंय त्यांनी."

"मग तळटीप असेल. शोध."

पान एकशे अठ्ठ्याऐंशी, मुंगीच्या पावलाएवढी अक्षरं: जुन्या कारखान्याची जमीन व इमारत विक्रीस काढल्याने तो दोन्ही वर्षांच्या आकड्यांतून वगळला आहे.

तिनं ते दोनदा वाचलं. काहीच वाटलं नाही. हात तेवढा फोनकडे गेला.

"दादा, तुमचा कारखाना चालू आहे का?"

"म्हणजे काय? बॉयलरसमोर उभा आहे मी. आवाज येत नाही का तुला?"

येत होता. धडधड, नेहमीची.

"अहवालात तो नाही. विकायला काढलाय. गेल्या वर्षीही नव्हता, असं लिहिलंय."

"वा. म्हणजे गेल्या वर्षी मी हवेला वाफ दिली." तो हसला. मग हसू सावकाश थांबलं. "छापलंय?"

"छापलंय. सगळ्यांना वाचता येईल असं. तू बदलीला हो म्हण. आत्ता."

"चिमटे, सकाळी दहालाच नको म्हणून सही केली. पोरीची शाळा, तुझ्या वहिनीचं दुकान. तूच म्हणालीस ना, घाई नको."

"मग परत विचार साहेबांना."

"विचारलं असतं. पण माझ्यामागे तिघं रांगेत होते. जागा एकच होती."

बॉयलर धडधडत राहिला.

"ठेवतो," दादा म्हणाला. "पाण्याची पातळी बघायचीय."

तक्त्यात लाल चौकोनाशेजारी कारणाची जागा रिकामी होती. चिमटीनं लिहिलं: व्याप्ती बदलली, एक कारखाना वगळला, पान १८८.

चौकोन हिरवा झाला.

"सापडलं ना?" तपासनीस बाई म्हणाल्या. "बरं झालं. पुढचा घे."

तिनं पुढचा घेतला. पहिल्या पानावर झाड होतं.