चिकामागून ऐकलेले गाणे

विहिरीचे पाणी माठात भरून सरस्वतीबाईंनी शाळा झाडली, सतरंज्या अंथरल्या, दौतीत शाईची पूड कालवली आणि बोरूला टोक काढले. गेवराईच्या त्या मुलींच्या शाळेत त्या एकट्याच शिक्षिका. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या या बाईंचे पहिलेच नावानिशी लिखाण आज शाळेच्या हस्तलिखित मासिकात जायचे होते: देशमुखांच्या बैठकीतल्या जलशाचे परीक्षण. प्रत्यक्ष गाणे त्यांनी ऐकले तेही पहिल्यांदाच.

मुख्याध्यापक मोहनराव आले आणि बाईंनी लिहून ठेवलेले पान उचलून मोठ्याने वाचू लागले.

“तहसिलीतून परवानगी आल्यावर दुपारी जलसा भरला. पुरुष बैठकीवर, आम्ही बायका चिकाच्या पडद्यामागे. तंबोरे जुळताना अडकित्ते वाजत होते. तबलजीने हातोडीचे ठोके देत तबला सुरात मिळवला, तेव्हा अडकित्ते थांबले. भिवराबाईंनी भीमपलास विलंबित एकतालात मांडला. मध्यमावर त्या अशा विसावल्या, जणू उन्हातून चालून आलेले माणूस ओट्यावर टेकावे. समेवर बैठकीतून ‘वाहवा’ उठे. वरच्या षड्जावर मात्र आवाज फुटला आणि बाईंना खोकल्याची उबळ आली. सारंगीवाल्याने तो सूर गजावर धरून ठेवला. काही पुरुष उठून गेले. चिकामागे कुणी हलले नाही. माझ्याशेजारच्या छबुबाईंनी रडते मूल पदराखाली घेतले. बाई पुन्हा त्या षड्जाला पोचल्या, तेव्हा आमच्यातून दाद उठली नाही. दाद द्यायची आम्हांला सवय नव्हती. सगळ्यांचे डोळे तेवढे भरले होते. शेवटी भैरवी झाली.”

“सुरेख!” मोहनराव म्हणाले. मग चष्मा काढून पुसत राहिले. “पण बाई, हे नाव काढा. ‘एक गायिका’ म्हणा.”

“कावून?”

“गाणाऱ्या बाईच्या नावाखाली तुमचं नाव? लोक मुली घरी बसवतील. मोजक्या तर येतात.”

“सगळं गाव गेलतं की ऐकायला. तुमीबी पुढंच बसलता.”

“ऐकणं निराळं, बाई,” ते खाली पाहत म्हणाले.

सरस्वतीबाईंना जलशानंतरची भिवराबाई आठवली. छकड्यात चढता चढता तिने त्यांचा हात धरला होता. “लई गावं गायले, माय. पर ‘बीडची बाई आलती’, इतकंच म्हनत्यात. हकीम म्हनला, आता गानं थांबवा. तुमी लिवणाऱ्या हाय म्हनं. एकदा माझं नाव लिवा.”

“लिहिते,” त्या म्हणाल्या होत्या.

“दोन्ही नावं एका पानावर नकोत, एवढंच ना?” त्यांनी आता विचारले.

“एवढंच.”

मोहनराव गेले. बाईंनी कोरा कागद घेतला आणि सारे परीक्षण पहिल्यापासून उतरवले. भिवराबाईंचे नाव ठळक अक्षरांत लिहिले. भैरवीच्या ओळीनंतर, स्वतःचे नाव लिहायच्या जागी, बोरू क्षणभर थांबला. मग त्यांनी तो पुसून दौतीशेजारी ठेवला, ओल्या अक्षरांवर वाळू टाकली, झटकली, आणि पान सुईदोऱ्याने मासिकात शिवून घेतले.

बाहेर मुली जमल्या होत्या. बाईंनी दार उघडले.