लाल ठिपका नसलेली भाजी

औशाच्या मंगल कार्यालयात, जेवणाच्या दारातच केटरर राजशेखरने फलक लावला होता. लातूरकडच्या लग्नात असलं काही आजवर कुणी केलं नसेल, अशी त्याची खात्री होती. म्हणून सकाळपासून हे साहेब त्या फलकाभोवतीच घुटमळत होते.

"पाहुण्यांना नमस्कार. प्रत्येक पदार्थापुढे कार्ड आहे. लाल ठिपका म्हणजे शेंगदाणा, निळा म्हणजे दूध-तूप, पिवळा म्हणजे गहू, तपकिरी म्हणजे काजू-बदाम. हिरवं पान म्हणजे कांदा-लसूण नाही. ठिपका नसेल तर तो जिन्नस पदार्थात नाही. सगळं एकाच भटारखान्यात शिजतं, म्हणून एखाद्या जिन्नसाचा त्रास तीव्र असेल तर आधी आम्हाला विचारा."

विचारायला एकच बाई आली, नवरीची थोरली बहीण वर्षाराणी. तिच्या सात वर्षांच्या शिवांगीला शेंगदाणा अजिबात चालत नव्हता. राजशेखरने तिला सोबत नेऊन एकेक कार्ड दाखवलं. वांग्याच्या भाजीत दाणा नाही, कढई आणि पळीसुद्धा वेगळी आहे, असं छातीठोकपणे सांगितलं. खोटं काहीच नव्हतं. सकाळी आचारीण धोंडाबाईला शेजारी बसवून, जिन्नस विचारून विचारूनच त्याने कार्डं लिहिली होती.

अक्षता पडल्या आणि पंगतीची घाई उडाली. अंदाजापेक्षा दीडशे माणसं जास्त आली होती. पाऊण तासाने राजशेखर भटारखान्यात डोकावला, तर चटणीसाठी आणलेल्या दाण्याच्या कुटाचा डबा वांग्याच्या कढईशेजारी उघडा पडलेला. त्याने तो डबा उचलला. हे कुठे टाकलंस, असं त्याने धोंडाबाईला विचारलं.

"वऱ्हाड लई आलं, मालक. पाणी वाढवलं तर रस्सा पातळ झाला. मग टाकलं चार मुठी कूट, आणखी काय करावं?"

"कार्ड लिहिताना बोलली का नाहीस?"

"तवा कुठं टाकलं होतं? आन् कूट काय सांगायची गोष्ट हाय का? ते तर मिठासारखं पडतंयच की."

राजशेखरला तिचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. लहानपणापासून तोही हेच खात आला होता. भाजी पातळ झाली की मूठभर कूट, त्याच्या आईचंही तसंच. ठिपके काढण्यात तो इतका रमला की कढईपाशी माणूस उभं करायचं राहून गेलं.

भाजी थांबवायला सांगून तो मांडवात धावला. शिवांगी पंगतीत नव्हती, वर्षाराणीही नव्हती. पोरीच्या ताटात अर्धी पोळी आणि भाजीची पुसून खाल्लेली वाटी. कुणी म्हणालं खोलीत गेल्या, कुणी म्हणालं गाडीकडे. तिचा नंबर त्याच्याकडे नव्हता. गपचूप कार्ड बदललं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला आणि त्याची त्यालाच शिसारी आली.

व्यासपीठावर आहेराची नावं पुकारली जात होती. त्याने पुकारणाऱ्याच्या हातातून माईक ओढला. नवरीचे वडील गुरुपादप्पा समोरच उभे होते. त्यांच्याकडे बघायचं त्याने टाळलं.

"वांग्याच्या भाजीचं कार्ड चुकीचं आहे. भाजीत शेंगदाणा आहे. शिवांगीच्या आई, जिथं असाल तिथं पोरीकडं बघा, लगेच बघा."

वरच्या खोलीत वर्षाराणी लेकीला पंख्याखाली निजवून वारा घालत होती. पोरीला उलटी झाली होती, अंग खाजत होतं. ऊन लागलं असेल, असंच तिने धरलं होतं. कर्ण्यातला आवाज ऐकून तिने पोरीची मान वर केली. ओठ सुजले होते, छातीतून शिटी वाजत होती. तिने अशा त्रासासाठी कायम पर्समध्ये ठेवलेलं इंजेक्शनचं पेन काढून पोरीच्या मांडीत दाबलं. तोवर राजशेखर जिने चढून आला होता. पोरीला बसतं धरून दोघांनी गाडी गाठली.

दवाखान्यात दुसरं इंजेक्शन द्यावं लागलं, ऑक्सिजन लावला. तासभर राजशेखर दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता, देवाला वाटेल ते नवस बोलत होता. शेवटी डॉक्टर बाहेर आले. श्वास सुधारलाय, पण त्रास पुन्हा उसळू शकतो, उद्यापर्यंत ठेवावं लागेल, असं सांगून गेले.

वर्षाराणी बाकावर येऊन बसली. ती शिव्या देईल म्हणून त्याने मान खाली घातली. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कुठल्याही लग्नात मी तिचा डबा सोबत नेते," ती म्हणाली. "आजही आणलाय. तुमचा फलक वाचला आणि गाडीतच ठेवला. ती उलटी करत होती, तरी मला दाण्याची शंका आली नाही. कार्डावर ठिपका नव्हता ना."

राजशेखर गाडीकडे गेला. मागच्या सीटवर कापडात गुंडाळलेला छोटा डबा होता, गाठसुद्धा सुटली नव्हती. डबा हातात धरून तो तिथेच रडायला लागला.