सुरुवातीची अट

विभागात पोरं माझ्या मागं मला ‘मिरची मॅडम’ म्हणतात. म्हणेनात का. मी तिखट आहेच, आणि गणित शिकवणाऱ्या बाईनं गुळचट असूही नये. नांदेडला आमच्याकडे एम.एस्सी.ला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच आठवड्यात बजावते, की मला आकडा दाखवून खूश करायला येऊ नका, आलेख घेऊन या. आकडा चांगला दिसला की माणसाचं डोकं बंद पडतं. सत्यमला हे मी शंभरदा तरी सांगितलं असेल. दर वेळी तो मान डोलवून ‘हाव मॅडम’ म्हणायचा आणि स्वतःला हवं तेच करायचा. लाडका होता मेला. हा शब्द माझ्या तोंडात नेहमीचाच, पण आता तो आला की जीभ चावते.

सत्यम मुखेडकडचा. घरी तूर आणि सोयाबीन. वडील तो लहान असतानाच गेले, तेव्हापासून शेत आईच बघते, सिंधुताई. धाकटी बहीण पुनम मुखेडलाच बी.एस्सी. करते. प्रोजेक्टला विषय निवडायची वेळ आली तेव्हा त्यानं घरचाच विषय उचलला. तुरीवर फवारणी केली, तर पानावरचं औषध दिवसागणिक किती उरतं? नियम साधा धरायचा. जितकं औषध पानावर आहे, त्याच प्रमाणात ते कमी होतं. जास्त असेल तेव्हा भराभर, थोडं उरलं की हळूहळू. मी म्हणाले, अरे, हे समीकरण बारावीचं पोरगं दोन ओळींत सोडवतं, त्याला एवढा खटाटोप कशाला? तो म्हणाला, उत्तर माहीत आहे म्हणूनच घेतलंय, नवीन रीत खरी चालते का ते पडताळता येईल. बोलणं बरोबर होतं, म्हणून मी विषय मंजूर केला.

रीत अशी, की संगणकात एक छोटं न्यूरल नेटवर्क बांधायचं. त्याला दिवस सांगितला की ते औषधाचा आकडा सांगतं. सुरुवातीला काय वाट्टेल ते सांगतं. एरवी त्याला शिकवायला मोजमापांचा ढीग लागतो, इथे समीकरणच मास्तर. नेटवर्कचं उत्तर आणि त्या उत्तराच्या बदलाचा वेग, दोन्ही समीकरणात घालायचे. समीकरण बरोबर जुळलं तर बाकी शून्य येते. जुळलं नाही तर जी बाकी उरते, तिचा वर्ग करायचा, असे पुष्कळ दिवस घेऊन सरासरी काढायची, आणि तीच नेटवर्कची चूक धरायची. तिला ‘लॉस’ म्हणतात. लॉस कमी करता करता नेटवर्क शिकतं. मात्र त्या लॉसमध्ये आणखी एक रक्कम घालावी लागते. समीकरण फक्त औषध कसं कमी होतं ते सांगतं. मुळात किती होतं ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून पहिल्या दिवशी पानावर पुरा फवारा होता, म्हणजे एक, ही सुरुवातीची अट वेगळी घालायची आणि ती मोडली तर तीही चूक मोजायची.

सत्यमचं घोडं तिथेच अडलं होतं. दोन्ही रकमा एकत्र घातल्या की लॉस एका जागी येऊन बसायचा आणि खाली उतरायचं नाव घ्यायचा नाही. पोरगं लॅबमध्ये ठाण मांडून बसलं होतं, जेवणाखाण्याची शुद्ध नाही. मग एका शनिवारी दुपारी त्याचा मेसेज आला, की मॅडम, जमलं, लॉस एकदम तळाला गेला. सोबत आकडा, दशांशचिन्हापुढं शून्यांची रांग. मी लिहिलं, आलेख पाठव. त्यानं लिहिलं, परत आल्यावर पाठवतो, आईला सगळं नीट सांगायला निघालोय. आईला फोनही केला होता, गणित जमलं, येऊन राहिलो म्हणून. मित्राची मोटारसायकल घेऊन निघाला. मुखेडच्या अलीकडे समोरून येणाऱ्या ट्रकनं त्याला उडवलं. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

त्याचं सगळं काम लॅबमधल्याच संगणकावर होतं. त्याच्या नावाचं फोल्डर रोज दिसायचं, पण उघडायला हात धजावत नव्हता. दिवाळी झाली आणि एका सकाळी सिंधुताई आणि पुनम एसटीनं आल्या. बाईनं मला देण्यासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती. पोराच्या मास्तरणीकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणाली. मला तिच्याकडं बघवेना.

त्यांचं मागणं एकच होतं. विभागाच्या कपाटात दरवर्षीच्या पोरांचे प्रोजेक्ट बांधून ठेवलेले असतात, तसं सत्यमचंही बांधून ठेवायचं. सिंधुताई त्याला ‘पुस्तक’ म्हणत होती. गावात तिनं सगळ्यांना सांगितलं होतं, की जायच्या आधी पोरानं मोठं गणित सोडवलं, आम्हाला फोनवर सांगितलं. तेवढाच तिला आधार होता. मी म्हणाले, त्यात काय मोठं, आज काढते त्याचा आलेख, पान लावते आणि सही करते. असं बोलून गेले खरी.

लॅबमध्ये सिंधुताईला खिडकीपाशी खुर्ची दिली. पुनम माझ्या शेजारी बसली. फोल्डर उघडलं. शिकून झालेलं नेटवर्क त्यानं जपून ठेवलं होतं, लॉसचा आकडा मेसेजमधल्यासारखाच होता. मी पहिल्या दिवसापासून दहाव्यापर्यंतची उत्तरं मागवली आणि आलेख काढला. एकापासून सुरू होऊन घसरत जाणारी वक्ररेषा यायला हवी होती. आली ती एक आडवी रेघ, शून्याला चिकटलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. परत काढला. तीच रेघ.

पुनम बराच वेळ पडद्याकडं बघत होती. मग हळूच म्हणाली, "मॅडम, म्हणजे पानावर औषध पहिल्या दिवसापासूनच न्हाई? फवारलंच न्हाई?"

पोरीची नजर पक्की होती. मी प्रोग्राम वर सरकवला. सुरुवातीच्या अटीची ओळ जागेवर होती, पण तिच्यापुढं हॅशची खूण होती. ती खूण असली की संगणक ती ओळ वाचतच नाही. दोन रकमांपैकी कोणती अडवतेय ते बघायला त्यानं ती घटकाभर बाजूला ठेवली असणार. मीही असंच केलं असतं, कुणीही करतं. तेवढ्यात लॉस धाडकन खाली गेला, पोरगं हरखलं, आणि खूण काढायची राहून गेली.

मी पुनमला समजावलं. अट काढली की समीकरणाला उत्तरांचा तोटा नाही, एकापासून घसरणारं चालतं, अर्ध्यापासून घसरणारं चालतं, आणि शून्यही चालतं. औषधच नसेल तर कमी काय होणार? बदल शून्य, औषध शून्य, बाकीही शून्य. नेटवर्कला सगळ्यांत सोपं तेच, म्हणून ते तिथेच जाऊन बसलं. समीकरण अगदी तंतोतंत जुळलं होतं. उत्तर मात्र खोटं होतं.

मग मी ती खूण काढली. अटीच्या रकमेला मोठ्या आकड्यानं गुणलं, म्हणजे ती मोडणं नेटवर्कला महाग पडावं, आणि पहिल्यापासून शिकायला लावलं. चहा होईपर्यंत ते शिकलं. आलेख आता एकापासून निघून डौलात खाली उतरत होता. हातानं सोडवलेलं उत्तर त्यावर ठेवलं तर दोन रेघा वेगळ्या ओळखू येईनात. लॉस मात्र सत्यमच्या लॉसपेक्षा पुष्कळ मोठा होता. पुनम दोन्ही आकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. हा आलेख त्या दुपारी त्यानं काढला असता, तर तो खुर्चीवरून उठलाच नसता. डोकं खाजवत बसला असता लॅबमध्ये. मोटारसायकल मित्राच्या खोलीपाशीच राहिली असती. पुनम अगदी कुजबुजत म्हणाली, की मॅडम, मायला हे सांगू नका. मीही हो म्हणाले. नवा आलेख लावायचा, सत्यमनं काढला म्हणायचं, सही करायची, संपलं. आयुष्यात कुणाचं चुकलेलं गणित मी बरोबर म्हणून सोडलं नाही, पण त्या दिवशी सोडणार होते. त्याची लाजही वाटत नव्हती.

खिडकीपाशी सिंधुताई उठून उभी राहिली.

"तुमी दोघी हळू बोलून राहिल्या," ती म्हणाली. "मला गणित कळत न्हाई, पोरीचं तोंड कळतं. त्याचं सुटलं न्हवतं का?"

पुनमनं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. तिला खोटं बोलता आलं नाही.

"न्हाई, माय. थोडं राहिलं होतं. एक ओळ राहिली होती."

"मंग जमलं असं का म्हणला?"

"त्याला वाटलं, जमलं."

सिंधुताई जवळ आली आणि पडद्याकडं बघत उभी राहिली. त्यावर दोन्ही आलेख होते. कोणता कुणाचा, हे तिनं विचारलं नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, की चुकलंय हे त्याला मागून तरी कळलं का. पुनम म्हणाली, कळलंच नाही, कुणालाच आजपर्यंत माहीत नव्हतं.

"बरं झालं," सिंधुताई म्हणाली. "फोनवर लई हासत होता."

मग तिनं पदर खोचला आणि पुनमला सांगितलं, की जे राहिलं ते तू पुरं कर, पुस्तकावर त्याच्या खाली तुझं नाव घाल. चुकलं ते चुकलं म्हणून लिहा, मॅडम, झाकू नका. मी मान हलवली. मला हुंदका आवरत नव्हता आणि माझ्यासारख्या बाईला भर लॅबमध्ये रडताना बघून दारातून डोकावणारी विभागातली पोरं पांगली. सिंधुताईनंच माझ्या पाठीवर हात ठेवला.

दशम्यांचं फडकं तिनं माझ्या टेबलावर सोडलं, तिघींना वाढलं. आम्ही खाऊ लागलो. ती मात्र नुसतीच बसली होती, हातातली दशमी तशीच.

"कळलं असतं," ती म्हणाली, "तर त्या दिवशी निघाला नसता."

हे आम्ही तिला सांगितलं नव्हतं.