दुसऱ्या कोनातून काढलेला फोटो

पाण्याच्या फिल्टरने टाकी भरल्याची शिट्टी मारली आणि सकाळपासून गप्प असलेलं रावेतचं ते घर एकदम दचकलं. हर्षाली मात्र हलली नाही. लॅपटॉपवर 'पवनातीर' दैनिकाच्या वेबसाइटवरचा कालचा फोटो उघडा होता, आणि सासूने भाजीतल्या केसाकडे बघावं तशी ती त्याच्याकडे बघत होती.

खिडक्यांपर्यंत बुडालेली बस. खाली ठळक ओळ: 'रावेतमध्ये हाहाकार.' आणि बसच्या मागे दुकानाची ऐसपैस पाटी, गुजराती अक्षरांतली.

हर्षाली 'पवनातीर'च्या शहर डेस्कची प्रमुख. काल लेकीला, तेजलला, ताप होता म्हणून तिने सुट्टी घेतली, आणि तेवढ्यात रविराजने हा पराक्रम केला. दहा वर्षं मुरलेला वार्ताहर! वाचकाने पाठवलेला फोटो त्याने चार मिनिटांत चढवला. पाटी वाचायला पाचवं मिनिट लागलं असतं, ते कोण देणार? पहिलीच प्रतिक्रिया आली, "रावेतात सुरत कधी वसली हो?" तोवर निम्म्या रावेतने गाड्या काढून पुलावर नेऊन लावल्या होत्या, आणि त्या गर्दीत एक रुग्णवाहिका अर्धा तास अडकून पडली होती.

आता संपादक दादासाहेबांचा फोन आला होता. "सगळ्यांना एक कडक टिपण काढ, हर्षाली. सालटी निघाली पाहिजेत." काल याच दादासाहेबांनी ऑफिसच्या ग्रुपवर 'जबरदस्त! लाखाच्या वर व्ह्यूज!' असं लिहून टाळ्या वाजवल्या होत्या. ते तिने गिळलं. शाळेला पावसाची सुट्टी होती. सहा वर्षांची तेजल टेबलाखाली रंगखडू पसरून बसली होती. ती गुंतली होती तेवढ्यात हर्षालीने टिपण लिहून काढलं, आणि रागाने बोटं अशी चालली की बस.

'फॉरवर्ड होऊन आलेला फोटो म्हणजे उष्टं ताट. पहिला जेवलेला माणूस शोधा. फोटो काढला कोणी, कुठे उभं राहून, किती वाजता, हे त्याच्याशी बोलून विचारा. आत्याच्या जावेच्या ग्रुपवर आला हे उत्तर नव्हे. व्हॉट्सअॅपवर साध्या फोटोतली वेळ आणि जागेची नोंद पुसली जाते, म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट करून मागवा. ती नोंदही बदलता येते, तेव्हा तेवढ्यावर भुलू नका. गूगलवर फोटो टाकून तो आधी कुठे आलाय का बघा. कुठे सापडला नाही म्हणजे आजचाच, असंही नाही. पाट्या वाचा. वाचता येतं म्हणूनच आपल्याला पगार मिळतो. पूल, देऊळ, विजेचा खांब नकाशातल्या जागेशी ताडून पाहा. धरणातून पाणी किती वाजता सोडलं आणि फोटोत ते कुठवर आलंय, याचा मेळ लागतो का बघा. तरी शंका राहिली तर पाठवणाऱ्याकडूनच त्याच जागेचा दुसऱ्या कोनातून फोटो काढून मागवा. खोटारडा तिथेच गळतो. आणि छापायच्या आधी परवानगी घ्या. लोकांचं बुडालेलं घर ही आपली जहागीर नाही.'

पाठवलं. ग्रुपवर नमस्कारांचे हात उगवले. रविराजने लिहिलं, 'एकदम बरोबर, मॅडम. मी हेच म्हणत असतो.' हर्षालीला हसू आलं. निर्लज्जपणाला पूररेषा नसते.

दुपारी बाराच्या सुमाराला ऋतिकचा फोन आला. तीन महिन्यांपूर्वी लागलेला पोरगा, टिपणाचा शब्दन् शब्द पाठ केल्यासारखा बोलत होता.

"मॅडम, नदीकाठच्या वस्तीतून फोटो आलाय. ज्योतीराम म्हणून आहेत, मूळ लातूरकडचे, चाकणला कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर असतात. रात्रपाळी करून आले, बायकापोरांना महापालिकेच्या शाळेत पोचवलं. घरून निघतानाच गल्लीचा फोटो काढला होता. धरणाच्या वेळेशी जुळतंय, आधी कुठे आलेला नाही. पण मूळ फाइल त्यांना पाठवता येईना आणि पाटी अर्धीच दिसतेय. म्हणून दुसरा मागवलाय, तुमच्या नियमाप्रमाणे."

"शाब्बास," हर्षाली म्हणाली. तेजलच्या तोंडात वरणभाताचा घास होता आणि आईच्या डोक्यात रविराज. शाब्बास हा शब्द तिने रविराजला लागावा म्हणूनच उच्चारला होता, जरी तो ऐकत नव्हता.

पाऊण वाजता दुसरा फोटो आला. काय फोटो होता! गल्लीच्या आतून घेतलेला, पाटी पूर्ण, मागे देवळाचा कळस, आणि पत्र्याच्या खोल्या खिडकीपर्यंत पाण्यात. सगळं जुळलं. दादासाहेबांनी लगेच फोन केला. "हा खरा फोटो! उद्या पहिल्या पानावर!"

परवानगी तेवढी राहिली होती. ऋतिकने ज्योतीरामला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. बंद. मग तो थेट शाळेत गेला, आणि तिथून त्याचा आवाज आला तो ओळखू येईना असा.

"मॅडम, ते शाळेत होते. वर, कोरड्या जागी. आपण मागितला म्हणून परत खाली गेले. त्यांच्या घरच्यांशी बोला."

मागे कल्ला होता. मग ज्योतीरामच्या बायकोचा, रुक्मिणीबाईंचा आवाज. "तुमीच का मॅडम? सकाळी ह्यांनी लेकरायला खांद्यावर घेऊन बाहेर काढलं हो. मग तुमचा माणूस म्हनला, अजून एक फोटो पायजे, न्हाई तर खरा धरनार न्हाईत. ह्यांला राग आला. म्हनले, मी लबाड हाय काय? दाखवतोच. आन् गेले." श्वास घेऊन त्या म्हणाल्या, "एवढा कशाचा इस्वास नव्हता तुमाला?"

हर्षाली उभी राहिली. तिने अग्निशमन दलाला फोन केला, गल्ली सांगितली, देवळाचा कळस सांगितला. पत्ता अचूक होता. जिवावर उदार होऊन कोणीतरी त्याची खात्री करून दिली होती.

पुढचा दीड तास तिने टेबलाची एकच कड घट्ट धरून काढला. अडीच वाजता ऋतिकचा फोन आला. ज्योतीराम एका बुडालेल्या टेम्पोच्या टपावर सापडले होते. बोटीतून काढलं. पाण्याखालच्या पत्र्याने टाच कापली होती, आतली शीर तुटली होती. प्रेसवर आठ तास उभं राहता येईल का, हे डॉक्टर आज सांगत नव्हते.

दादासाहेबांना कळवलं, तर ते म्हणाले, "वाचला ना? झालं तर मग. आता तर बातमीच बातमी. 'फोटोसाठी जिवावर उदार झालेला वाचक!'"

"फोटो त्यांनी आपणहून काढला नाही, दादासाहेब. आपण मागितला. मी मागितला."

"ते लिहायचं काय कारण?"

"कारण मी सकाळी लिहिलंय, फोटो काढला कोणी आणि कुठे उभं राहून, ते विचारा म्हणून. रविराजने गुजरात रावेतात आणला, त्याला मी सोललं. ह्याला तुम्ही काय म्हणणार? पेपर म्हणून मिरवायचं आणि आपलीच पाटी झाकायची?"

"संध्याकाळी बोलू," म्हणून त्यांनी फोन ठेवला. ते संध्याकाळीही बोलणार नव्हते. हर्षालीने खुलासा लिहून त्यांच्याकडे पाठवला, मथळ्यात 'पवनातीर'चं नाव घालून. मग टिपण पुन्हा उघडलं. दुसऱ्या कोनाचं वाक्य खोडलं आणि सगळ्यात वर लिहिलं: 'माणूस सुरक्षित जागी आहे का, हे आधी विचारा. फोटोसाठी कोणालाही पाण्याकडे पाठवायचं नाही. आधीच काढलेले आणखी फोटो असतील तर तेच मागा. खात्री पटली नाही तर फोटो सोडून द्या, माणूस नाही.' वाचून तिला स्वतःचीच किळस आली. इतकी साधी ओळ. सकाळी ती सुचली नाही, कारण सकाळी फक्त टोमणे सुचत होते.

तेजल टेबलाखालून बाहेर आली आणि आईच्या मांडीवर चढली. पडद्यावर ज्योतीरामचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी होते. सगळं बोलणं तिने ऐकलं होतं. तिने पहिल्या फोटोवर बोट ठेवलं.

"आई, हा खोटा होता?"

"नाही गं बाळा. खराच होता."

"मग तू काकांना दुसरा कशाला काढायला लावलास?"