चौतिसावा किलोमीटर

देवयानी कर्णिकच्या पोटरीत गोळा येण्याची जागा ठरलेली होती. तीन वर्षं, तीन मॅरेथॉन, आणि तिन्ही वेळा चौतिसाव्या किलोमीटरच्या आसपास. गेल्या फेब्रुवारीत तर उजवी पोटरी अशी आवळली, की ती लोदी रोडच्या दुभाजकावर बसली आणि एका हवालदाराने तिला विचारलं, "मैडम, किसी को फोन करें?"

कारणं सगळ्यांना माहीत होती. नवरा अनुराग म्हणाला, केळी कमी खाल्लीस. तिच्या केंद्रीय मंत्रालयातल्या सेक्शनमध्ये मॅग्नेशियमवर एकमत झालं. आर. के. पुरमला वरच्या मजल्यावर राहणारे विनायक दाते तर ठाम होते. तेही चार वर्षं तीच शर्यत धावत होते.

"मीठ," ते म्हणाले. "घामातून मीठ जातं. दर अर्ध्या तासाला एक कॅप्सूल."

"गेल्या वर्षी घेतल्या की, दादा. आठ."

"मग नऊ घ्यायच्या होत्यास."

ऑक्टोबरमध्ये ती मयुरा सोमण या फिजिओथेरपिस्टकडे गेली. मयुराने तिला तीस किलोमीटरच्या सरावाआधी आणि नंतर वजन करायला सांगितलं. अठ्ठावन्नाचं सत्तावन्न झालं होतं.

"एवढ्याने शरीर काही सुकत नाही," मयुरा म्हणाली. "आणि फेब्रुवारीत पहाटे अकरा डिग्रीला तुझ्यातून किती मीठ जाणार? शिवाय मीठच कमी पडलं असतं, तर सगळं अंग आखडायला हवं. तुझी एकच पोटरी का आखडते?"

देवयानीने उजवी पोटरी चाचपून पाहिली.

"आता एका पायावर उभी राहा आणि टाच उचल. जमेल तितक्या वेळा."

डाव्या पायावर तेवीस झाल्या. उजव्यावर चौदा.

मग मयुराने गेल्या शर्यतीचे आकडे मागितले. पहिला अर्धा भाग दोन तास दोन मिनिटांत, दुसरा दोन तास बेचाळीस. सरावात मात्र देवयानी किलोमीटरला साडेसहा मिनिटांनी धावायची.

"म्हणजे सराव साडेसहाचा आणि शर्यत पावणेसहाने सुरू. का गं?"

"सुरुवातीला बरं वाटतं," देवयानी म्हणाली.

"थकलेल्या स्नायूला 'आवळ' हा निरोप जात राहतो आणि 'सोड' हा कमी पडतो. बहुतेक हेच असावं. पैजेवर सांगत नाही, कारण या बाबतीत शास्त्रज्ञांचंही पुरतं एकमत झालेलं नाही. पण पोटरी घडवणं आणि सावकाश निघणं आपल्या हातात आहे. तहान लागेल तेवढं पी, दर पाऊण तासाला साखरेच्या जेलची एक पुडी घे. पाणी उगाच ढोसू नकोस, ते वाईट."

चार महिने देवयानीने भांडी घासताना टाचा उचलल्या. लांब पल्ल्याच्या सरावात शेवटचे पाच किलोमीटर ती शर्यतीच्या वेगाने धावली. आकडा ठरला किलोमीटरला सहा मिनिटं वीस सेकंद.

शर्यतीच्या सकाळी सहा वीस पाळणं सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये माणसं तिला ओलांडत राहिली. त्यांत केळ्याचा वेश केलेला एक तरुण होता, आणि तिसऱ्या किलोमीटरला विनायकदादा.

"बरं वाटत नाहीये का?" त्यांनी धावताधावता विचारलं.

"बरं वाटतंय, म्हणून तर."

ते पुढे गेले. कमरेच्या पट्ट्यातल्या कॅप्सूलचा खुळखुळाट थोडा वेळ ऐकू आला.

चौतीस आला आणि गेला. पस्तिसाव्याला पोटरीत काहीतरी उडालं. तिने वेग दहा-पंधरा सेकंदांनी उतरवला, पावलं लहान केली. फडफड थांबली.

छत्तीसच्या फलकाजवळ विनायकदादा फुटपाथवर उताणे पडले होते. पाय हवेत, चेहरा शांत.

"तू जा," ते म्हणाले. "अकरा घेतल्या. बारावी सापडत नाहीये."

ती गुडघ्यांवर बसली, त्यांचा गुडघा सरळ केला आणि बुटाचं टोक त्यांच्या नडगीकडे दाबून धरलं. पोटरीचा दगड हळूहळू मऊ झाला. चारेक मिनिटं गेली. घड्याळाकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं आणि दोनदा बघितलं.

"सुरुवातीचे दहा कितीने केलेत?"

"पाच पन्नास." मग मान उचलून, "फार होतं का?"

"सरावात?"

"साडेसहा." ते आभाळाकडे बघत राहिले. "आता तू जा, देवयानी. मी चालत येतो."

ती उठली तेव्हा तिचीच पोटरी कुरकुरली. थोडं चालली, मग धावायला लागली. चार तास चौतीस मिनिटांत रेषा ओलांडली. गेल्या वर्षीपेक्षा दहा मिनिटं कमी. अनुरागने फोटो काढला. त्यात तिचे डोळे मिटलेले आहेत.

विनायकदादा सव्वापाच तासांत आले. पदक गळ्यात घालून घेतलं आणि तिच्याशेजारी गवतावर बसले.

"त्या मयुराचा नंबर दे," ते म्हणाले. मग पदक सरळ करत म्हणाले, "मिठाबद्दल मी तिच्याशी सविस्तर बोलणार आहे."

देवयानीने नंबर पाठवला आणि बुटाच्या नाड्या सोडायला वाकायला गेली. ते मात्र तिला जमेना.