माईक दिपमालाच्या हातात

पिंप्राळ्याच्या शाळेत वाहतूक पोलीस रत्नामॅडम आल्या आणि नियम म्हणवून घ्यायला त्यांनी माईक दिला तो दिपमालाला. तिच्याच वर्गातल्या कामिनीनं नाक मुरडलं. खणखणीत आवाज आपला, आणि मिरवणार ही!

मॅडम सांगत होत्या, "नशिराबादजवळ एक पोरगा दुचाकीवरून घसरला. हेल्मेट होतं हो डोक्यावर! पण पट्टा उघडा. हेल्मेट गडगडत गेलं दुभाजकापाशी आणि डोकं आपटलं डांबरावर. मग आपण काय करायचं?"

"हेल्मेट घालू, पट्टा लावू!" दिपमाला ओरडली. तिच्यामागून सगळी शाळा ओरडली.

कामिनीला राहवेना. ती ताडकन उठली. "मॅडम, ही स्वतः स्कूटी चालवत शाळेत येते! पंधरा वर्षांची आहे. किराणा दुकानामागे लपवून लावते."

दिपमालाचं तोंड उतरलं. कामिनीला गुदगुल्या झाल्या.

"बिनलायसन्स?" मॅडमनी विचारलं. "आणि तुला गं कसं ठाऊक?"

"मी रोज मागेच बसते ना!"

मैदानभर हशा पिकला. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. "पोरींनो, अशा वेळी गुन्हा पालकांवर दाखल होतो. आज दोघींच्या वडिलांना फोन करते. दिपमाला, खाली बस. आणि तू ये इकडे. पुढचा नियम तू म्हणव."

हवा होता तोच माईक हातात आला, पण कामिनीचा आवाज चिरकला. "लायसन्सशिवाय गाडी चालवणार नाही. चालवणाऱ्याच्या मागे बसणार नाही."

"ऐकू येईना गं बाई!" खालून दिपमाला ओरडली. "जरा मोठ्यानं म्हण!"